दावा कुठल्या दारात लावायचा?

बिहारमधल्या मुंगेर इथे एक दावा दाखल झाला. जमीन होती साडेबारा एकर. वादींचं म्हणणं असं, की एप्रिल १९४३ मध्ये मालकांना १,९५० रुपये सलामी देऊन आम्ही ही जमीन कुळ म्हणून घेतली, कसायला लागलो आणि मग दुसऱ्यांनी घुसून आमचं पीक कापून नेलं. प्रतिवादी म्हणत होते, आम्ही इथले बापजाद्यांपासूनचे बटाईदार, आम्हाला कोण काढणार? वादींनी दाव्याची किंमत लावली २,९५० रुपये. त्यात जमिनीच्या ताब्यासाठी सलामीचेच १,९५० धरले आणि बुडालेल्या उत्पन्नापोटी १,००० मागितले.

हाच तो ‘किरण सिंह विरुद्ध चमन पासवान’. कायद्याच्या विद्यार्थ्याला हे नाव पाठ असतं, पण त्यातली गंमत तो परीक्षेपुरती वाचतो.

वादी खालच्या कोर्टात हरले. जिल्हा न्यायालयात अपील केलं, तिथेही हरले. मग दुसरं अपील घेऊन पाटणा हायकोर्टात गेले. तिथे मुद्रांक तपासणाऱ्या कर्मचाऱ्याने हरकत काढली, की दाव्याची किंमत कमी लावली आहे. चौकशी झाली आणि खरी किंमत निघाली ९,९८० रुपये. वादींनी उरलेली कोर्ट फी मुकाट्याने भरली आणि लगेच त्याच आकड्याचं हत्यार केलं. त्या काळच्या तिथल्या कायद्यानुसार पाच हजारांपर्यंतच्या दाव्यावरचं अपील जिल्हा न्यायालयात जायचं, त्यावरचं थेट हायकोर्टात. म्हणजे आमचं अपील ऐकण्याचा अधिकार जिल्हा न्यायाधीशांना नव्हताच, त्यांचा निकाल शून्य समजा आणि आमचं अपील पहिलं अपील म्हणून नव्याने ऐका, असं ते म्हणू लागले. किंमत कमी लावली कोणी? त्यांनीच. फी वाचवली कोणी? त्यांनीच. जिल्हा न्यायालयात गेले कोण? तेही तेच.

हा हट्ट नुसता नावाचा नव्हता. पहिल्या अपिलात साक्षीपुरावा पुन्हा सगळा तपासता येतो, दुसऱ्या अपिलात फक्त कायद्याचा प्रश्न काढता येतो. दोन कोर्टांनी ‘प्रतिवादी जुने कुळ आहेत’ असं पुराव्यावरून ठरवल्यावर वादींना तो पुरावा परत उकरायचा होता आणि त्याला हा एकच रस्ता उरला होता.

सुप्रीम कोर्टात हे प्रकरण १४ एप्रिल १९५४ रोजी निकाली निघालं. ते काय म्हणालं, हे कळण्याआधी दिवाणी कोर्टाची तीन दारं पाहू.

पहिलं दार किमतीचं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १५ सांगतं, की दावा चालवू शकेल अशा सर्वांत खालच्या पायरीच्या कोर्टात तो लावायचा. कनिष्ठ स्तर न्यायाधीशाला रकमेची मर्यादा असते, वरिष्ठ स्तराला नसते. मुंबईत शहर दिवाणी न्यायालयाची मर्यादा २०२४ च्या सुरुवातीला एक कोटीवरून दहा कोटींवर गेली, त्यावरचा दावा हायकोर्टात. हे आकडे म्हणजे कामाची वाटणी आहे. वरची मंडळी लहान कामात अडकू नयेत, एवढाच हेतू.

दुसरं दार ठिकाणाचं. जमीन किंवा घराचा वाद ते जिथे आहे तिथे, हा कलम १६ चा नियम. मालमत्ता दोन कोर्टांच्या हद्दीत पसरली असेल तर त्यांपैकी कुठेही. उसनवारी, करारभंग अशा बाबतींत प्रतिवादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे, नाहीतर दाव्याचं कारण जिथे घडलं तिथे. प्रतिवादीला नागपूरहून रत्नागिरीला विनाकारण हेलपाटे पडू नयेत, म्हणून हे दार.

तिसरं दार विषयाचं, आणि ते वेगळ्याच भिंतीत आहे. घरमालक आणि भाडेकरूचा मुंबईतला दावा लघुवाद न्यायालयात, सहकारी संस्थेच्या कारभाराचा वाद सहकार न्यायालयात, ‘मी कूळ आहे की नाही’ हा प्रश्न मामलेदाराकडे. इथे विधिमंडळाने किंवा संसदेने साध्या दिवाणी कोर्टाला बजावून ठेवलेलं असतं, की या विषयाला हात लावू नका. किंमत कितीही असो, गाव कुठलंही असो.

आता हरकतीकडे. चुकीच्या दारातून आत आलेल्या दाव्याला प्रतिवादीने हरकत कधी घ्यायची? ठिकाण आणि किंमत यांच्यासाठी कलम २१ ने उत्तर दिलंय. हरकत पहिल्याच कोर्टात घेतलेली हवी, आणि जमेल तितक्या लवकर, मुद्दे काढले जाण्यापूर्वी किंवा निदान त्या वेळी. एवढं करूनही अपिलात ती ऐकली जाण्यासाठी आणखी एक गोष्ट लागते: चुकीच्या कोर्टामुळे खरोखर न्याय बिघडला, हे दाखवावं लागतं. यातली एकही अट चुकली तर अपिलाचं कोर्ट हरकत ऐकत नाही. किमतीची हरकत या कलमात १९७६ साली आली. त्याआधी ते काम १८८७ च्या दावा मूल्यांकन कायद्याचं कलम ११ करत होतं, आणि मुंगेरचा खटला त्यावरच फिरला.

न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांनी निकालात आधी एक कडक गोष्ट सांगितली. अधिकार नसलेल्या कोर्टाचा हुकूमनामा शून्य असतो आणि ते कुठेही, अगदी अंमलबजावणीच्या वेळीही, दाखवून देता येतं. एवढंच वाचलं तर वादी जिंकले असं वाटेल. पण पुढे ते म्हणाले, की किमतीच्या चुकीला कायद्याने मुद्दाम या नियमाबाहेर काढलंय. दावा एकदा गुणदोषांवर निकाली निघाला, की केवळ किंमत चुकली म्हणून तो उलटवायचा नाही. त्या चुकीनेच निकाल बिघडला असेल तरच उलटवायचा. नुसतं कोर्ट बदललं, हा बिघाड नव्हे. ‘जिल्हा न्यायाधीशांनी पुरावा चुकीचा वाचला’ हाही नव्हे, कारण तसं कुठलंही कोर्ट वाचू शकतं आणि त्याचा दाव्याच्या किमतीशी संबंध नसतो. वर, स्वतःच लावलेल्या किमतीवर स्वतःच निवडलेल्या कोर्टात जाणाऱ्याने त्याच गोष्टीने आपलं नुकसान झालं म्हणायचं, हे कोर्टाला पटण्यासारखं नव्हतंच. अपील फेटाळलं गेलं.

कुठली चूक आंबते आणि कुठली आंबत नाही, हे ओळखायला मी एक साधा प्रश्न विचारतो. योग्य किंमत लावून, योग्य गावात नेला असता, तर हा वाद याच जातीच्या कोर्टाने ऐकला असता का? उत्तर ‘हो’ असेल तर चूक वाटणीची आहे, आणि वेळेवर न बोलणाऱ्याची तक्रार संपते. उत्तर ‘नाही’ असेल तर विषयाचं दार चुकलंय, आणि मग पक्षकार गप्प बसला किंवा त्याने लेखी संमती दिली, तरी कोर्टाला तो अधिकार मिळत नाही.

म्हणूनच विषयाची हरकत उशिरा येते तेव्हा जास्त घातक. पण तिलाही कुंपण आहे. अहमदाबादच्या एका भूखंडाच्या मालकाने भाडेकरूला काढण्यासाठी लघुवाद न्यायालयात दावा लावला. ताब्याचा हुकूमनामा शेवटी झाला. मालक दरखास्त घेऊन ताबा घ्यायला निघाला, तेव्हा कूळ पहिल्यांदाच म्हणालं, ही जमीन भाड्याने दिली तेव्हा शेतीची होती, भाडे कायदा तिला लागूच नाही, सबब त्या कोर्टाला अधिकार नव्हता. गुजरात हायकोर्टाला ते पटलं, १९७० साली सुप्रीम कोर्टाला नाही. अधिकाराचा अभाव कागदपत्रांवर उघड दिसत असेल तर दरखास्तीत त्याकडे पाहता येतं. मात्र त्यासाठी ‘जमीन तेव्हा शेतीची होती का’ असा नवा तपास उघडावा लागत असेल, तर अंमलबजावणी करणारं कोर्ट त्यात शिरणार नाही. तो प्रश्न दावा चालू असताना काढायचा होता.

सगळंच इतकं सरळ मात्र नाही. गुडगावच्या भूखंडाचा एक दावा १९८८ मध्ये दिल्लीत लागला. बिल्डर कंपनीने कैफियतीत दिल्लीच्या कोर्टाचा अधिकार मान्य केला आणि सुमारे आठ वर्षांनी कैफियत दुरुस्त करून तोच नाकारला. वादीने ‘एवढा उशीर?’ असं विचारणं स्वाभाविक होतं. तरी २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. जमीन दिल्लीच्या हद्दीबाहेर असताना तिथलं कोर्ट तिच्याबद्दल हुकूमनामा देऊच शकत नाही, आणि पक्षकारांच्या मान्यतेने ते बदलत नाही, असं कोर्टाचं म्हणणं. इथे हरकत अपिलात नव्हे, पहिल्याच कोर्टात आली होती, हा फरक आहे. तरीही कलम २१ शेजारी ठेवून वाचलं की हा निकाल जरा अवघडून बसतो, असं मला वाटतं. वादीच्या हाती सतरा वर्षांनी काय आलं? वादपत्र परत.

वादपत्र परत मिळणं म्हणजे दावा फेटाळला जाणं नव्हे. ते योग्य कोर्टात पुन्हा दाखल करता येतं. चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे आणि कसोशीने दावा चालवला असेल तर तो काळ मुदतीतून वगळलाही जातो. पण कोर्ट बदललं की दावा पहिल्या पायरीपासून सुरू होतो. झालेल्या साक्षी नव्या कोर्टात आपोआप चालत नाहीत, आणि तोवर एखादा साक्षीदार वारलेला असतो.

लवकर हरकत घेण्याची सक्तीही अंगाशी येऊ शकते, हे महाराष्ट्राने पाहिलंय. १९७७ साली राज्याने संहितेत कलम ९-अ घातलं. मनाई हुकमाच्या अर्जावेळी प्रतिवादीने अधिकाराची हरकत घेतली, की आधी तीच ठरवायची. हेतू चांगला होता: अधिकार नसलेल्या कोर्टातून मनाई हुकूम मिळवून बसणाऱ्यांना आळा घालणं. पण बाकीचा दावा तिष्ठत राहायचा आणि एका मुद्द्यावर साक्षी, उलटतपास, अपील असा दाव्यातला दावा उभा राहायचा. २०१८ मध्ये हे कलम रद्द झालं.

तुमच्यावर दावा लागला असेल, तर समन्स मिळाल्यापासून कैफियतीला साधारण तीस दिवस असतात, कोर्टाने वाढवून दिले तर नव्वद. वादपत्राच्या शेवटाकडे ‘दाव्याचे कारण’, ‘अधिकारक्षेत्र’ आणि ‘मूल्यांकन’ अशी दोन-तीन छोटी कलमं असतात, बहुतेक जण ती वाचतही नाहीत. सही करण्याआधी वकिलांसमोर ती वाचा, आणि हरकत असेल तर त्याच कैफियतीत लिहायला सांगा.