प्रगतिपत्रकावरील एक ओळ

सहामाही परीक्षेचा निकाल लागला की घरोघरी एक प्रसंग घडतो. वडील दुकानातून आल्यावर प्रगतिपत्रक हाती घेतात, गणिताची श्रेणी पाहतात आणि सही करतात. मुलाचे लक्ष मात्र श्रेणीवर नसते. ती त्याला आधीच ठाऊक असते. त्याचे लक्ष असते शिक्षकांनी लिहिलेल्या नोंदीवर. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली आणि गुणांच्या जोडीला शिक्षकांच्या वर्णनात्मक नोंदी आल्या. ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात एखादे वाक्य असते, ‘मेहनती आहे, पण गणितात कमी पडतो.’ वडिलांना ही ओळ सौम्य वाटते. दहा वर्षांचा मुलगा मात्र त्यातील ‘पण’ वाचतो आणि मनाशी म्हणतो, मेहनत करूनही मला येत नाही, म्हणजे मी ढच असणार.

सहा ते बारा या वयात शिक्षकांच्या आणि आपल्या अशा शब्दांचे मुलाच्या मनात काय होते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

वय सहा ते बारा

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने १९५० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मानवी जीवनाचे आठ टप्पे मांडले. प्रत्येक टप्प्यावर मनाला एका पेचातून जावे लागते. त्यातील चौथा टप्पा शाळकरी वयाचा असून त्याचा पेच ‘उद्यमशीलता विरुद्ध न्यूनगंड’ असा आहे. या वयात मूल केवळ खेळण्यावर समाधान मानत नाही. त्याला काहीतरी नीट करून दाखवावयाचे असते. एरिक्सनच्या मते प्रत्येक समाज याच वयात मुलाला पद्धतशीर शिक्षण देऊ लागतो आणि मोठ्यांची साधने त्याच्या हाती देतो. शेतकऱ्याच्या मुलाला विळा मिळतो, शाळेत पेन्सिल मिळते. व्यापाऱ्याच्या घरात गल्ल्यातील सुटे पैसे मोजून देण्याचे काम मिळते. पहिल्यांदा हिशोब बरोबर जुळल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते, त्यालाच एरिक्सन उद्यमशीलता म्हणतो.

दुसरी बाजू न्यूनगंडाची. आपली साधने, आपली बुद्धी, आपले हात इतरांच्या तुलनेत अपुरे आहेत असे वाटले की मूल कामातून अंग काढून घेते. एरिक्सनने आणखी एक गोष्ट बजावली आहे. पोकळ स्तुतीने आणि वरवरच्या उत्तेजनाने मुले फसत नाहीत. प्रत्यक्ष जमलेल्या कामाची मनापासून घेतलेली दखलच त्यांना बळ देते.

‘मेहनती’ या शब्दाचा अर्थ कधी बदलतो?

‘मेहनती’ म्हटले की कौतुकच झाले, असे आपण धरून चालतो. पण या शब्दाचा मुलाच्या कानी पडणारा अर्थ वयाबरोबर बदलतो. जॉन निकोल्स या संशोधकाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना काही चित्रफिती दाखविल्या. त्यांत दोन मुले गणिते सोडवीत असतात. एक मन लावून काम करतो, दुसरा मधूनमधून वेळ घालवितो, तरीही दोघांना सारखेच गुण मिळतात. यातील हुशार कोण?

पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या मनात मेहनत आणि हुशारी वेगळ्या झालेल्याच नसतात. जो जास्त झटतो तोच हुशार, असे ती मानतात. अकरा-बारा वर्षांपर्यंत मात्र हिशोब उलटा होतो. कमी कष्टात तितकेच गुण मिळविणारा अधिक हुशार, आणि ज्याला खपावे लागले त्याची बुद्धी तेवढी कमी, असे मूल मानू लागते.

म्हणून पहिलीत जो शब्द बक्षीस असतो, तोच पाचवी-सहावीत कमीपणाची खूण ठरू शकतो. ‘मी अभ्यासच केला नव्हता’ असे सांगणारा मुलगा आपल्याला आळशी वाटतो. पुष्कळदा तो आपली लाज झाकीत असतो. अभ्यास न करता नापास होणे त्याला परवडते. अभ्यास करून नापास झाला, तर तो मंद आहे हे सिद्ध होईल, अशी त्याला भीती असते.

स्तुतीचा एक प्रयोग

मग ‘हुशार आहेस’ असे म्हणावे काय? क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी या प्रश्नाचे उत्तर दिले. पाचवीतील मुलांना आकृत्यांची दहा कोडी दिली. ती मध्यम अवघड होती. सर्वांना सांगितले की तुम्हाला फार चांगले गुण मिळाले. त्यानंतर एका गटाला म्हटले, ‘तू यात हुशार असणार.’ दुसऱ्या गटाला म्हटले, ‘तू खूप मेहनत घेतली असणार.’ तिसऱ्या गटाला अधिक काही सांगितले नाही. फरक एवढ्या एका वाक्याचाच होता.

पुढचे काम कसले हवे, असे विचारल्यावर मेहनतीची दखल घेतलेल्या बहुसंख्य मुलांनी नवे शिकता येईल असे काम निवडले. ‘हुशार’ म्हटलेल्यांपैकी बहुतेकांनी आपली हुशारी टिकून दिसेल असे काम पसंत केले. मग सर्वांना फार अवघड कोडी दिली आणि यात तुमचे गुण बरेच कमी आले, असे सांगितले. शेवटी पहिल्याइतकीच सोपी कोडी पुन्हा दिली. ‘हुशार’ गटाचे गुण पहिल्यापेक्षा घसरले, ‘मेहनत’ गटाचे वाढले. दुसऱ्या शाळेतील अनोळखी मुलांसाठी आपले गुण लिहावयास सांगितले, तेव्हा ‘हुशार’ गटातील दहांपैकी जवळजवळ चौघांनी ते वाढवून लिहिले. मेहनतीच्या गटात असे करणारे याच्या सुमारे एक तृतीयांश होते. ‘हुशार’ ही पदवी मिळाली की ती सांभाळावी लागते, आणि ती सांभाळण्यासाठी चूक लपवावी लागते.

सहानुभूतीचा उलटा परिणाम

येथे एक पेच दिसतो. या प्रयोगात मेहनतीच्या स्तुतीने मुले बळकट झाली, मग प्रगतिपत्रकावरील ‘मेहनती’ने ती का खचतात? फरक वेळेचा आहे. प्रयोगातील स्तुती खरोखर जमलेल्या कामानंतर आली होती. आपला शेरा बहुधा अपयशानंतर सांत्वन म्हणून येतो.

सांत्वनाचे काय होते, हे सँड्रा ग्रॅहम यांच्या अभ्यासांत दिसले. अपयशानंतर शिक्षक रागावले तर मूल समजते, मला जमले असते पण मी कमी झटलो. शिक्षकांनी दया दाखविली तर ते समजते, माझ्यात कुवतच नाही. न मागता पुढे केलेल्या मदतीचा आणि सोप्या कामाच्या अवाजवी कौतुकाचाही असाच अर्थ लावला जातो. म्हणून रागवावे असे नव्हे. पण दया निरुपद्रवी असते हा समज सोडला पाहिजे. आपल्या घरांत प्रेमाने म्हटले जाणारे एक वाक्य आठवून पाहावे, ‘नाही जमले तर सोड, दुकान आहेच!’ बोलणाऱ्याला तो धीर वाटतो. मुलाला तो आपल्या बुद्धीविषयीचा निकाल वाटतो.

एक भागाकार, चार प्रतिसाद

समजा, पाचवीतील एका मुलाला गणित दिले आहे की डझनभर साड्या ८,४३६ रुपयांना मिळाल्या, तर एका साडीची किंमत किती? त्याने उत्तर लिहिले, ७३ रुपये. ८४ ला १२ ने भागून त्याने ७ लिहिले. ३ खाली घेतल्यावर १२ चा भाग जात नाही म्हणून लगेच ६ खाली घेतले आणि ३६ चा भाग ३ लिहिला. मधले शून्य राहिले. खरे उत्तर ७०३.

एक शिक्षक लाल फुली मारून म्हणतात, ‘लक्ष कुठे असते?’ मुलाला कळते की आपण चुकलो, पण कोठे ते कळत नाही. दुसऱ्या बाई मायेने म्हणतात, ‘असू दे, हे तुला जड जाते, तू सोपी कर.’ ही दया झाली. तिसरे म्हणतात, ‘छान प्रयत्न!’ प्रयत्नाचे उत्तर चुकलेले असते, म्हणून ही स्तुती पोकळ ठरते.

चौथ्या बाई म्हणतात, ‘पहिला भाग ७, तो बरोबर आहे. आता तुझ्या ७३ ला १२ ने गुणून पाहा.’ मुलगा गुणतो, ८७६ येतात. तो चमकतो, कारण ८,४३६ कोठे आणि ८७६ कोठे! ‘मग ३ खाली घेतल्यावर काय झाले?’ थोडा वेळ जातो आणि शून्य त्याला स्वतःला सापडते. तेव्हा बाई म्हणतात, ‘ताळा केलास म्हणून चूक हाती लागली. पुढच्या दोन गणितांचा ताळा तूच कर आणि मला दाखव.’

येथे मेहनतीचे कौतुक आहेच, पण ते एका कृतीला धरून आहे आणि ती कृती उद्या पुन्हा करता येते. पहिल्या तीन प्रतिसादांनंतर मुलाच्या मनात ‘मला गणित येत नाही’ हेच उरते. चौथ्यानंतर उरते, ‘भागाकारात माझे शून्य सुटते.’ पहिले वाक्य संपूर्ण मुलावरचा शिक्का आहे. दुसऱ्यात चुकीला ठिकाण आणि उपाय आहे. न्यूनगंड आणि उद्यमशीलता यांतील फरक अशा वाक्यांतूनच पडत जातो.

मर्यादा आणि आपला वाटा

शब्दांकडून फार अपेक्षाही करू नये. मेहनतीने बुद्धी वाढते ही धारणा मुलांत रुजविण्याचे पुढे मोठ्या प्रमाणावर प्रयत्न झाले. त्यांचा सरासरी लाभ लहानच दिसला, काही ठिकाणी तर दिसलाच नाही. ज्या मुलाला फळ्यावरचे स्पष्ट दिसत नाही किंवा वाचनअक्षमतेमुळे अक्षरे जुळत नाहीत, त्याला चांगल्या शेऱ्याची नव्हे, तपासणीची गरज असते. चुकांमागचे कारण सापडत नसेल आणि धडपड महिनोन्‌महिने चालू असेल, तर ‘आणखी मेहनत कर’ असे सांगणे अन्यायाचे ठरते. एरिक्सनने दुसऱ्या टोकाचा धोकाही दाखविला होता. काम हेच आपले एकमेव मोल असे मूल मानू लागले, तर तेही निरोगी नव्हे.

पुढच्या पालकसभेत ‘आमचा मुलगा कसा आहे?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर ‘हुशार’ किंवा ‘मेहनती’ असेच मिळते. ‘तो नेमका कोठे अडतो आणि अडल्यावर काय करतो?’ असे विचारावे. संध्याकाळी गल्ल्यापाशी हिशोब दहा रुपयांनी चुकला, तर त्याच्या हातातील वही घेऊन आपण तो जुळवू नये. कोणत्या नोंदीपर्यंत हिशोब बरोबर आहे एवढे विचारावे आणि ते दहा रुपये त्याचे त्यालाच सापडेपर्यंत शेजारी बसून राहावे.