बाराव्या वर्षी शंका, सतराव्या वर्षी खात्री

अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०१३ साली सुमारे बाराशे समलिंगी, उभयलिंगी आणि ट्रान्सजेंडर प्रौढांची पाहणी केली. आपण इतरांपेक्षा वेगळे असू, अशी शंका पहिल्यांदा कधी आली? खात्री कधी पटली? कुणाला तरी पहिल्यांदा कधी सांगितलं? या तीन प्रश्नांच्या उत्तरांतली मध्यावरची वयं निघाली १२, १७ आणि २०. काहींची शंका त्याच्या कितीतरी आधीची होती, तर काहींना तिशीनंतर उमगलं.

ओढ लवकर सुरू होते, यात नवल नाही. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी सहा ते आठ वर्षांच्या सुमारास संप्रेरकं स्रवू लागतात आणि दहाव्या वर्षाच्या आसपास बहुतेकांना कुणीतरी ‘आवडू’ लागतं. पण आवडणं आणि त्या आवडण्याचा अर्थ लागणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरा वेळ जातो तो दुसऱ्या गोष्टीला.

समजा, सातारा जिल्ह्यातल्या एका गावातली मुलगी आहे. आठवीत असताना तिला पीटीच्या बाई फार आवडतात. त्या रजेवर गेल्या की तिचं शाळेत लक्ष लागत नाही. घरचे म्हणतात, “बाईंची लाडकी आहे ती.” पुढे जिवलग मैत्रिणीचं लग्न ठरतं आणि ही चार दिवस जेवत नाही. त्यालाही मैत्रीचंच नाव मिळतं. मुली गळ्यात गळे घालून फिरल्या तर आपल्याकडे कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. त्यामुळे तिलाही स्वतःला काही विचारावंसं वाटत नाही. बाविसाव्या वर्षी लग्न होतं. नवरा चांगला आहे, मग ‘मन रमत नाही’ याचा दोष ती स्वतःच्या स्वभावाला देते. अडतिसाव्या वर्षी ऑफिसातली एक सहकारी आयुष्यात येते आणि मागचं सगळं एका ओळीत उभं राहतं. ओढ जुनीच होती, पण तिचा अर्थ लावायला हाताशी काही नव्हतं. त्याच गावातल्या मुलाला कदाचित हे आधी कळलं असतं, कारण मुलाचं शरीर उत्तेजित होऊन स्पष्ट खूण देतं. मुलग्यांना सरासरीने लवकर समजतं, असं अनेक अभ्यासांत आढळलं आहे.

अर्थात, प्रत्येक उशीर म्हणजे दडपणूक नव्हे. मानसशास्त्रज्ञ लिसा डायमंड यांनी सुमारे ऐंशी स्त्रियांशी दहा वर्षं वेळोवेळी बोलून पाहिलं. त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश जणींनी स्वतःची ओळख एकदा तरी बदलली होती. काहींचा कल खरोखरच परिस्थितीनुसार हलतो. पण आपोआप हलणं वेगळं आणि कुणी बदलू म्हटलं म्हणून बदलणं वेगळं. उपचाराने कल बदलतो याला पुरावा नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने तर २०२२ मध्ये असे उपचार करणं हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. तेव्हा घरातल्या कुणी उशिरा का होईना सांगितलं, तर त्याला घेऊन असा डॉक्टर शोधायला निघू नका.