विमा कंपनीने क्लेम नाकारला, तक्रारही ऐकली नाही : लोकपालाकडे जाताना पहिल्या पानावर काय लिहायचं?

आरोग्य विम्याचा क्लेम नाकारला गेला, की बहुतेक जण थेट विमा लोकपालाचं नाव काढतात. हा मार्ग आहेही चांगला. फी लागत नाही, वकील लागत नाही आणि 50 लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईचा आदेश लोकपाल देऊ शकतात. पण तक्रार खरी असूनही अनेकदा दारातच अडते. कारण अर्जात अन्यायाची सगळी कहाणी असते, मात्र 'कंपनीकडे रीतसर दाद मागितली होती आणि ती मिळाली नाही' हे कुठेच स्पष्ट दिसत नाही.

लोकपाल कार्यालय सगळ्यात आधी नेमकं हेच तपासतं.

क्लेम नाकारणं आणि तक्रार नाकारणं, यात फरक काय?

'विमा लोकपाल नियम, 2017' नुसार तक्रारदाराने आधी कंपनीकडे लेखी दाद मागितलेली असावी लागते. पत्र, ईमेल किंवा कंपनीच्या वेबसाइटवरची तक्रार, यापैकी काहीही चालतं. त्यानंतर पुढीलपैकी एक गोष्ट घडलेली हवी : कंपनीने ती तक्रार फेटाळली, एक महिन्यात उत्तरच दिलं नाही, किंवा दिलेल्या उत्तराने समाधान झालं नाही.

लोकांची सर्वाधिक गफलत इथेच होते. क्लेम नाकारल्याचं पत्र म्हणजे तक्रार फेटाळल्याचं पत्र नव्हे. क्लेम नाकारणं हा कंपनीचा पहिला निर्णय असतो. त्या निर्णयाविरुद्ध कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी दाद मागणं ही वेगळी पायरी आहे. ती न करता नकाराचं पत्र जोडून अर्ज केला, तर 'आधी कंपनीकडे जा' असंच उत्तर मिळतं. कस्टमर केअरला केलेले फोन, एजंटला पाठवलेले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज किंवा टीपीएशी झालेली बोलणी यांवर विसंबून ही पायरी पूर्ण झाली असं मानता येत नाही.

एक उदाहरण पाहू

समजा, नाशिकच्या एका निवृत्त शिक्षिकेची 5 लाखांची पॉलिसी आहे. 10 जून 2019 पासून तिचं नूतनीकरण खंड न पडता झालं आहे. 9 जानेवारी 2025 ला त्यांची अँजिओप्लास्टी झाली. बिल झालं 2,14,600 रुपये. त्यातले 6,600 रुपये पॉलिसीत न बसणाऱ्या वस्तूंचे होते. उरलेल्या 2,08,000 रुपयांचा क्लेम कंपनीने 20 फेब्रुवारीच्या पत्राने नाकारला. कारण दिलं, 'पॉलिसी घेताना रक्तदाबाचा आजार लपवला.'

बाईंनी दोनदा कस्टमर केअरला फोन केला. मग 10 मार्चला तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल पाठवला. त्याच दिवशी तक्रार क्रमांक आला, पण उत्तर आलं नाही. 15 एप्रिलला त्यांनी स्मरणपत्र पाठवलं. तरीही शांतता.

आता त्या लोकपालाकडे लिहायला बसल्या, तर पहिल्यांदा काय सुचेल? रुग्णालयातली धावपळ, एजंटने दिलेली आश्वासनं, फोनवरची उद्धट उत्तरं. हे सगळं खरं असेल, पण अर्ज दाखल करून घ्यायचा की नाही, हे त्यावरून ठरत नाही. ते ठरतं पुढच्या काही ओळींवरून :

> 'पॉलिसी 10 जून 2019 पासून अखंड सुरू. क्लेम 2,08,000 रुपये. 20 फेब्रुवारी 2025 च्या पत्राने, रक्तदाबाचा आजार लपवल्याच्या कारणावरून नाकारला (जोडपत्र 1). याविरुद्ध 10 मार्च 2025 रोजी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे ईमेलने दाद मागितली (जोडपत्र 2). तक्रार क्रमांक त्याच दिवशी मिळाला (जोडपत्र 3). 10 एप्रिल 2025 पर्यंत, म्हणजे एक महिन्यात, उत्तर आलं नाही. 15 एप्रिलच्या स्मरणपत्रालाही उत्तर नाही (जोडपत्र 4). या विषयावर न्यायालय, ग्राहक आयोग किंवा लवादापुढे कोणतंही प्रकरण प्रलंबित नाही किंवा निकाली निघालेलं नाही. मागणी : क्लेमचे 2,08,000 रुपये व नियमानुसार व्याज.'

एवढ्या मजकुरात वाचणाऱ्याला हवं ते सगळं मिळतं. निर्णय कधी झाला, दाद कधी आणि कोणाकडे मागितली, महिना कधी संपला, प्रकरण दुसरीकडे चालू आहे का आणि नेमकं काय हवं आहे. प्रत्येक तारखेसमोर एक कागद आहे. फोनचा उल्लेख नाही, कारण त्याने काही सिद्ध होत नाही.

मुदत कुठून मोजायची?

लोकपालाकडे जायला एक वर्ष मिळतं. कंपनीने दाद फेटाळली असेल, तर ते उत्तर मिळाल्यापासून वर्ष मोजतात. उत्तरच नसेल, तर दाद मागितल्यानंतरचा एक महिना संपल्यापासून. वरच्या उदाहरणात हा महिना 10 एप्रिल 2025 ला संपला, म्हणून 10 एप्रिल 2026 च्या आत अर्ज जायला हवा. स्मरणपत्राच्या तारखेपासून वर्ष मोजण्याचा मोह टाळलेला बरा. उशीर झालाच, तर तो माफ करण्याचा अधिकार लोकपालांना आहे. पण त्यासाठी उशिराचं कारण द्यावं लागतं आणि कंपनीचंही म्हणणं ऐकलं जातं.

मूळ मुद्दा कुठे लिहायचा?

तारखांच्या परिच्छेदानंतर. तोही तीन-चार ओळींत. उदाहरणातला मुद्दा भक्कम आहे. 2024 पासून विमा नियामकाच्या नियमांनुसार आरोग्य विमा सलग 60 महिने चालू राहिला, की माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक हा याला अपवाद आहे. बाईंची पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्यापूर्वी 66 महिने चालू होती. म्हणून 'कंपनीच्या पत्रात फसवणूक सिद्ध केल्याचा उल्लेख नाही' हे वाक्य, ते पत्र नीट वाचून, लिहायचं.

मुद्दा मात्र कंपनीपुढे मांडला होता तोच असावा. कंपनीकडे फक्त क्लेमची रक्कम मागितली आणि लोकपालाकडे प्रीमियम परत करण्याची नवी मागणी जोडली, तर त्या मागणीपुरती कंपनीकडची पायरी राहूनच जाते.

रकमेचंही तसंच. लोकपाल प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त भरपाई देऊ शकत नाहीत. 'मानसिक त्रासाबद्दल 10 लाख' लिहून अर्ज वजनदार होत नाही. उलट 2,14,600 ऐवजी 2,08,000 का मागितले हे एका ओळीत सांगितलं, तर आकड्यांवर विश्वास बसतो.

अर्ज कुठे करायचा?

मुंबई शहराच्या बहुतांश भागासाठी मुंबईचं कार्यालय आहे. उर्वरित महाराष्ट्रासाठी, नवी मुंबई आणि ठाणे परिसर वगळून, पुण्याचं. त्यामुळे नाशिकची तक्रार पुण्याला जाईल. ऑनलाइन अर्ज `cioins.co.in` वर करता येतो. विमा नियामकाचं 'बिमा भरोसा' पोर्टल वेगळं आहे. तिथली तक्रार कंपनीकडे पाठवली जाते आणि तिचा पाठपुरावा होतो, पण तिथे निवाडा होत नाही.

आणि ज्यांनी अजून कंपनीला लेखी कळवलेलंच नाही, त्यांनी लोकपालाचा अर्ज भरण्याआधी तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल पाठवावा आणि तारीख लिहून ठेवावी. एक महिन्यानंतर अर्जाची पहिली ओळ तीच असेल.