छायाचित्रावरून दगडी अवजाराची ओळख

छायाचित्रावरून दगडी अवजाराची ओळख म्हणजे विशिष्ट आकाराचा एखादा दगड हा नैसर्गिक गोटा आहे, जीवाश्म आहे की प्राचीन मानवाने घडवलेले अवजार आहे, याचा दगड प्रत्यक्ष हाती न घेता केवळ चित्रांवरून केलेला प्राथमिक निर्णय होय. भारतीय वाचकाला या तिन्ही प्रकारांची उदाहरणे परिचित आहेत. नर्मदेतील बाणलिंग हा मूलतः प्रवाहाने घासून गुळगुळीत झालेला गोटा आहे. गंडकी नदीतील शाळिग्राम हा बहुधा अमोनाइट या नामशेष सागरी प्राण्याचा जीवाश्म असतो. तर गोदावरी आणि प्रवरा यांच्या काठच्या जुन्या थरांत मिळणारी हातकुऱ्हाड हे पुराश्मयुगीन मानवाचे अवजार आहे.

छायाचित्रावरून ‘हे अवजार नाही’ असे बऱ्याचदा खात्रीने सांगता येते. ‘हे अवजारच आहे’ असे सांगणे त्या मानाने कठीण असते. दगडाचा एकंदर आकार हा याबाबतीत सर्वांत कमी विश्वासार्ह पुरावा होय. निर्णय मुख्यतः पृष्ठावरील व्रणांची मांडणी आणि दगडाचे मूळ स्थान यांवर अवलंबून असतो.

## आकाराची फसगत

बदाम, पान, बाणाचे टोक, अंडे किंवा प्राण्याचे डोके यांसारखे आकार निसर्गात वारंवार तयार होतात. दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट खडक हवापाण्यामुळे कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे सुटत जातो आणि आत गोल गाभा उरतो. असे गोल दगड पुष्कळदा डायनोसॉरची अंडी म्हणून दाखवले जातात. नदीच्या पात्रातील गोटे एकमेकांवर आदळून कधी एका कडेने फुटतात आणि त्यांना धार आल्यासारखी दिसते. रस्त्यासाठी फोडलेली खडी आणि नांगराच्या फाळाने टवके उडालेले दगड हीदेखील फसगतीची नेहमीची कारणे आहेत.

## नैसर्गिक गोट्याची लक्षणे

प्रवाहात वाहून आलेल्या गोट्याचे पृष्ठ सर्व बाजूंनी सारखे घासलेले असते. त्याच्या खळग्यांतही तोच रंग आणि तोच गुळगुळीतपणा दिसतो. गोट्याला टवका उडालेला असल्यास तो बहुधा एखाद-दुसरा असतो आणि बाहेर आलेल्या कोपऱ्यावरच असतो, कारण आदळणाऱ्या दगडाचा मार त्याच भागाला बसतो. अशा टवक्यांना ठरावीक दिशा नसते.

टवक्यांच्या रंगांतील फरकही महत्त्वाचा आहे. ताजा फुटलेला बेसाल्ट गडद करडा किंवा काळपट दिसतो. दीर्घकाळ उघडा पडलेला पृष्ठभाग तपकिरी किंवा पिवळट होतो. एकाच दगडावर एक व्रण फिकट, दुसरा मध्यम आणि तिसरा अगदी गडद असेल, तर ते व्रण वेगवेगळ्या काळी पडलेले असतात. अवजार घडवताना मात्र छिलके एकाच बैठकीत काढले जातात. त्यामुळे मूळ घडणीच्या व्रणांवरील जीर्णता साधारणतः सारखी असते.

## जीवाश्माची लक्षणे

जीवाश्मात सजीवाच्या रचनेतील नियमितता दिसते. अमोनाइटच्या वेटोळ्यावरील फासळ्या ठरावीक अंतराने येतात आणि वेटोळे बाहेरच्या बाजूस क्रमाने रुंद होत जाते. सागरी अर्चिनच्या जीवाश्मावर पाच पट्टे ताऱ्याप्रमाणे पसरलेले असतात. ही रचना केवळ पृष्ठावर चिकटलेली नसते. दगड फुटलेला असल्यास ती आतही दिसते.

खडकाचा प्रकार हा पहिला निकष ठरतो. बेसाल्ट हा लाव्हारसापासून बनलेला खडक असल्यामुळे त्यात जीवाश्म मिळण्याची शक्यता जवळजवळ नसते. लाव्हारसाच्या दोन थरांदरम्यान साठलेल्या गाळाच्या खडकांत मात्र गोड्या पाण्यातील गोगलगायी आणि वनस्पती यांचे जीवाश्म आढळतात. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान हे अशा वनस्पती-जीवाश्मांचे प्रसिद्ध स्थळ आहे.

डायनोसॉरच्या खऱ्या अंड्याच्या तुटलेल्या कडेवर काही मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी जाडीचे कवच वेगळ्या पट्टीसारखे दिसते. बेसाल्टच्या गोल गाभ्यात अशी एकच पातळ पट्टी नसून एकामागोमाग एक सुटणारे पापुद्रे असतात. भेगेच्या सपाट पृष्ठावर दिसणारी नेच्यासारखी काळी नक्षीही अनेकदा वनस्पतीचा ठसा समजली जाते. ती मँगनीजच्या ऑक्साइडची वाढ असते. तिच्यात पानाच्या शिरा आणि देठ यांची मांडणी नसते.

## घडवलेल्या अवजाराची लक्षणे

चर्ट, कॅल्सेडनी, फ्लिंट यांसारख्या सूक्ष्मकणी दगडाच्या कडेवर योग्य कोनात आघात केला असता छिलका निघतो. ज्या जागी आघात होतो तिच्या लगेच खाली छिलक्यावर फुगीर उंचवटा येतो आणि मूळ दगडावर त्याच्या जोडीचा खळगा राहतो. आघातबिंदूपासून पाण्यातील तरंगांप्रमाणे मंद लाटाही पसरलेल्या दिसतात. या फुटीला शंखाभ भंजन म्हणतात. भरड कणांच्या बेसाल्टमध्ये ही चिन्हे अंधुक असतात, म्हणून महाराष्ट्रातील पुराश्मयुगीन अवजारे ओळखताना केवळ उंचवटा आणि लाटा शोधून भागत नाही.

शंखाभ भंजन निसर्गातही होते. त्यामुळे एक छिलका निघाल्याची खूण हा मानवी कृतीचा पुरावा ठरत नाही. पुढील तीन गोष्टी एकत्र आढळल्यास मानवी कृतीची शक्यता वाढते: व्रण एकाच कडेवर ओळीने आलेले असणे, नंतरच्या व्रणाने आधीच्या व्रणाचा काही भाग कापलेला असणे आणि दगड उलटून दुसऱ्या बाजूनेही त्याच कडेवर काम केलेले असणे. दोन्ही बाजूंनी आळीपाळीने छिलके काढल्यास कडेकडून पाहताना धार नागमोडी दिसते. हातकुऱ्हाडीत ही धार दगडाच्या मोठ्या भागाभोवती फिरते.

## इओलिथचा वाद

मानवी आणि नैसर्गिक फुटीतील भेदाचा पद्धतशीर अभ्यास ‘इओलिथ’ या वादातून पुढे आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या केंट परगण्यात बेंजामिन हॅरिसन यांनी ओबडधोबड फुटलेले फ्लिंटचे तुकडे गोळा केले. अनेक अभ्यासकांनी ते अतिप्राचीन मानवाची अवजारे मानली. १९०५ मध्ये फ्रेंच अभ्यासक मार्सेलँ बूल यांनी मांत येथील सिमेंटच्या कारखान्यात खडू खडक पाण्यात घुसळणाऱ्या यंत्रातून बाहेर पडलेले फ्लिंट तपासले. त्यांपैकी कित्येक तुकडे हुबेहूब इओलिथसारखे होते. ते कोणीही घडवलेले नव्हते.

१९३९ मध्ये आल्फ्रेड बार्न्स यांनी मोजता येईल असा निकष मांडला. ज्या पृष्ठावर आघात होतो ते पृष्ठ आणि छिलका निघाल्याचा व्रण यांमधील कोन त्यांनी मोजला. मनुष्य धार मिळवण्यासाठी काम करत असल्याने हा कोन बहुतेक वेळा ९० अंशांपेक्षा कमी राहतो. नैसर्गिक दाबाने किंवा आदळण्याने निघालेल्या छिलक्यांत विशालकोनांचे प्रमाण बरेच अधिक असते. एखाद्या संग्रहातील असे ९० अंश व त्याहून मोठे कोन २५ टक्क्यांपेक्षा अधिक असल्यास तो संग्रह मानवनिर्मित मानू नये, असे बार्न्स यांचे प्रतिपादन होते. हा निकष संपूर्ण संग्रहासाठी आहे. एका सुट्या दगडाच्या छायाचित्राला तो जसाच्या तसा लावता येत नाही.

## उपयुक्त छायाचित्रे

एकच चित्र निर्णयासाठी पुरेसे नसते. दोन्ही पृष्ठे, दोन्ही कडा आणि दोन्ही टोके अशी सहा चित्रे किमान आवश्यक असतात. त्यांपैकी कडेची चित्रे सर्वांत अधिक माहिती देतात आणि तीच बहुधा घेतली जात नाहीत. दगडाशेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवावी. समोरून पडणारा फ्लॅशचा प्रकाश व्रण पुसून टाकतो, म्हणून दगड दिवसाच्या तिरप्या प्रकाशात ठेवावा. प्रकाश डाव्या वरच्या बाजूने येऊ देण्याचा पुरातत्त्वीय चित्रांतील संकेत आहे. त्यामुळे खळगा आणि उंचवटा यांची उलटापालट होत नाही. मोबाइल अगदी जवळ नेल्यास दगडाचा पुढचा भाग फुगलेला दिसतो. थोडे दूर राहून झूम वापरणे योग्य. दगड ओला करू नये, कारण पाण्याने रंगांतील फरक झाकला जातो.

दगड जेथे पडला होता ती जागा उचलण्यापूर्वीच टिपावी. त्याच चित्रात आसपासचे इतर दगडही यावेत. परिसरात तसेच फुटलेले शेकडो दगड दिसत असतील, तर नैसर्गिक कारणाची शक्यता बळावते.

## नमुना परीक्षण

नेवासे परिसरात ह. धी. सांकलिया यांनी १९५०च्या दशकात, तर जवळच्या चिरकी येथे गुद्रुन कोर्व्हिनस यांनी १९६०च्या दशकात संशोधन केले. अशा भागातील प्रवरेच्या काठावर गोट्यांच्या थरातून बेसाल्टचा बदामाकृती दगड मिळाला, असे उदाहरण घेता येते. त्याची लांबी १३ सेंमी, रुंदी ८ सेंमी आणि जाडी ४ सेंमी आहे.

पहिल्या चित्रात केवळ बदामाचा आकार दिसतो. त्यावरून काहीही ठरत नाही. दोन्ही पृष्ठांच्या चित्रांत एका बाजूस सहा आणि दुसऱ्या बाजूस पाच व्रण मोजता येतात. ते सर्व कडेपासून आत गेलेले आहेत आणि काही ठिकाणी एकमेकांना कापतात. कडेच्या चित्रात धार नागमोडी आहे. रुंद टोकाला मूळ गोट्याचे घासलेले पृष्ठ शिल्लक आहे, म्हणजे अवजार गोट्यापासून घडवले असावे. अकरांपैकी दहा व्रण तपकिरी असून त्यांच्या कडा प्रवाहाने किंचित बोथट झाल्या आहेत. टोकाजवळचा अकरावा व्रण गडद आणि धारदार आहे. तो अलीकडील इजेचा असल्याने मोजणीतून वगळावा लागतो. उरलेल्या दहा व्रणांवरून हा दगड हातकुऱ्हाड असण्याची शक्यता बरीच मोठी ठरते.

त्याचे वय मात्र चित्रावरून ठरत नाही. बोथट कडा तो वाहून आल्याचे सुचवतात, त्यामुळे ज्या थरात तो मिळाला त्या थरापेक्षा अवजार जुने असू शकते.

## मर्यादा

वजन, कणांचा पोत आणि वापरामुळे धारेवर उमटलेल्या सूक्ष्म खुणा छायाचित्रात येत नाहीत. हातोडा म्हणून वापरलेल्या गोट्यावर केवळ एका टोकाला बारीक खड्डे असतात. ते चित्रात सहज निसटतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्राझीलमधील कापुचिन माकडे दगडावर दगड आपटताना तीक्ष्ण छिलके नकळत तयार करतात, असे दिसून आले. म्हणजे खरा छिलकादेखील मानवी हेतूचा निर्विवाद पुरावा नसतो.

तिन्ही प्रकार नेहमीच परस्परांपासून वेगळे असतात असेही नाही. इंग्लंडमधील वेस्ट टॉफ्ट्स येथे मिळालेल्या फ्लिंटच्या हातकुऱ्हाडीच्या एका पृष्ठावर शिंपल्याचा जीवाश्म आहे आणि घडणीचे छिलके त्याच्याभोवतीने काढलेले आहेत. अशा दगडाच्या एका बाजूचेच चित्र पाहणारा त्याला जीवाश्म म्हणेल आणि दुसऱ्या बाजूचे पाहणारा अवजार.

## हे सुद्धा पहा

* पुराश्मयुग
* हातकुऱ्हाड
* जीवाश्म
* शाळिग्राम
* दख्खनचे पठार