पत्ता न्यूयॉर्कचा, घड्याळ भारताचं

जुलै महिना आहे. पुण्यात कोथरूडला एका घरात रात्रीचे साडेनऊ वाजलेत. लॅपटॉपवर व्हीपीएन चालू आहे आणि सर्व्हर न्यूयॉर्कचा निवडलाय. खात्री करून घ्यायची म्हणून त्या घरातला माणूस ‘माझा आयपी पत्ता काय’ हे सांगणारी एक साइट उघडतो. तिथे न्यूयॉर्कचं नाव येतं. त्याचं समाधान होतं आणि तो पुढच्या कामाला लागतो. पण तो आता जी साइट उघडतो तिला त्याच्या ब्राउझरकडून एका क्षणात आणखी दोन गोष्टी कळतात. या लॅपटॉपचं घड्याळ भारतीय वेळेवर चालतं, आणि याच्या मालकाला पानं भारतीय इंग्रजीत किंवा मराठीत हवीत. न्यूयॉर्कला त्या वेळी भर दुपारचे बारा वाजलेले असतात.

यात व्हीपीएन बिघडलेलं नाही. ते आपलं काम चोख करतंय. तुमच्या लॅपटॉपपासून त्या न्यूयॉर्कच्या सर्व्हरपर्यंतची सगळी ये-जा ते कुलूपबंद करतं. त्यामुळे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला किंवा स्टेशनवरच्या फुकट वायफायच्या चालकाला तुम्ही कुठली साइट पाहताय ते दिसत नाही, आणि साइटला तुमच्या आयपी पत्त्याऐवजी त्या सर्व्हरचा पत्ता दिसतो. बदलते ती वाट. वेब पान मात्र त्या वाटेने येऊन शेवटी तुमच्याच लॅपटॉपवर उघडतं, आणि पानासोबत आलेला जावास्क्रिप्टचा छोटा प्रोग्राम तुमच्याच ब्राउझरमध्ये बसून त्याला प्रश्न विचारतो. ही उत्तरं व्हीपीएन तपासत नाही आणि बदलतही नाही. पत्रावर शिक्का दुसऱ्या गावच्या टपालाचा मारला, तरी आतला मजकूर तोच राहतो, तसंच हे.

हे स्वतः पाहता येतं. संगणकावर क्रोम किंवा फायरफॉक्स उघडा, `F12` दाबा, ‘कन्सोल’ नावाच्या भागात जा आणि या तीन ओळी एकेक करून टाका:

```
Intl.DateTimeFormat().resolvedOptions().timeZone
new Date().getTimezoneOffset()
navigator.languages
```

पहिल्या ओळीला भारतात क्रोम `Asia/Calcutta` असं उत्तर देतो. शहराचं नाव बदलून किती वर्षं झाली, तरी क्रोमच्या आतल्या यादीत जुनंच नाव टिकून आहे. फायरफॉक्स `Asia/Kolkata` म्हणतो. दुसऱ्या ओळीचं उत्तर `-330`. ही मिनिटं आहेत, म्हणजे साडेपाच तास. जागतिक प्रमाणवेळेतून स्थानिक वेळ वजा करायची अशी रीत असल्यामुळे आकडा उणे येतो. न्यूयॉर्कमधल्या खऱ्या लॅपटॉपवर हाच आकडा उन्हाळ्यात `240` आणि हिवाळ्यात `300` असतो. तिसऱ्या ओळीत भाषांची यादी येते, उदाहरणार्थ `en-IN`, `en`, `mr`.

आता व्हीपीएन चालू करा, हवा तो देश निवडा आणि तीनही ओळी पुन्हा टाका. उत्तरं जशीच्या तशी येतील. इनकॉग्निटो खिडकीतही घड्याळ तेच राहतं.

साइटला तुमचं ठिकाण जीपीएसवरून हवं असेल, तर ब्राउझर आधी परवानगी विचारतो. वेळ सांगताना तो काहीच विचारत नाही. यामागचं कारण साधं आहे. मीटिंगची वेळ, क्रिकेट सामन्याची सुरुवात, मेल कधी आली हे सगळं तुमच्या स्थानिक वेळेत दाखवायचं तर पानाला टाइमझोन कळावाच लागतो. भाषा तर विचारायचीही गरज नसते. प्रत्येक पान मागवताना ब्राउझर आपणहून एक ओळ पाठवतो:

```
Accept-Language: en-IN,en;q=0.9,mr;q=0.8
```

मला भारतीय इंग्रजी सगळ्यात बरी, नाहीतर कुठलीही इंग्रजी, नाहीतर मराठी, असा तिचा अर्थ. जावास्क्रिप्ट बंद केलं तर टाइमझोन विचारता येत नाही, पण ही ओळ तरीही जाते.

दोन्हींत टाइमझोनची साक्ष जास्त वजनदार. न्यू जर्सीत मराठी कुटुंबं कितीतरी आहेत. तिथल्या ब्राउझरच्या यादीत `mr` असणं अगदी स्वाभाविक. उलट पुण्यातल्याही पुष्कळ लॅपटॉपवर निव्वळ अमेरिकी इंग्रजी असते, आणि मग भाषेवरून काहीच विसंगती दिसत नाही. घड्याळाचं तसं नाही. माणूस ज्या गावात राहतो त्या गावची वेळ लावतो. त्यात आपली वेळ अर्ध्या तासाची. आज साडेपाच तास पुढे चालणारे देश दोनच, भारत आणि श्रीलंका. त्यामुळे `-330` हा आकडा दिसला की जगाचा बहुतेक नकाशा एका झटक्यात बाद होतो.

श्रीलंका वेगळी काढणंही अवघड नाही. झोनचं नाव निराळं असतंच, पण नाव लपवलं तरी जुनी तारीख विचारता येते. श्रीलंकेने १९९६ साली आपली वेळ बदलली आणि २००६मध्ये ती पुन्हा साडेपाच तासांवर आणली. म्हणून २००० सालच्या एखाद्या तारखेचा फरक विचारला, तर कोलंबोचा संगणक सहा तास सांगतो आणि भारतातला साडेपाचच. संगणकात नुसता आजचा आकडा नसतो, प्रत्येक टाइमझोनचा सगळा इतिहास असतो. भारतातल्या क्रोमला १ जानेवारी १९०० ही तारीख विचारून पाहा:

```
new Date(1900,0,1).toString()
```

उत्तरात `GMT+0521` दिसेल. ही त्या काळची मद्रासची वेळ. मुंबईची वेळ तेव्हा वेगळी होती, अर्ध्या तासाने मागे, आणि मुंबईने तो हट्ट १९५५पर्यंत धरला. पण टाइमझोनच्या या यादीत सगळ्या भारतासाठी कोलकात्याच्या नावाचा एकच झोन असल्यामुळे मुंबईतला लॅपटॉपही मद्रासच सांगतो.

हा इतिहास इथे मुद्दाम सांगितला, कारण ब्राउझरला खोटं बोलायला लावणारी छोटी एक्स्टेन्शन नेमकी इथे अडखळतात. समजा, एखाद्या एक्स्टेन्शनने `-330`च्या जागी कायमचा `300` हा आकडा बसवला. जुलैमध्ये न्यूयॉर्कचा आकडा `240` हवा, तर हा लॅपटॉप भर उन्हाळ्यात हिवाळ्याची वेळ सांगतो. साइट जानेवारीची आणि जुलैची अशा दोन तारखा विचारते आणि दोन्हींचं उत्तर सारखं आलं की तिला कळतं, कारण न्यूयॉर्कमध्ये ते वेगळं यायला हवं. आकडा बदलला पण झोनचं नाव `Asia/Calcutta` तसंच राहिलं, असंही होतं. किंवा मुख्य पानावर दोन्ही बदलले, पण पडद्यामागे चालणाऱ्या ‘वर्कर’ नावाच्या भागात खरी वेळ राहून गेली. मला याचंच जास्त भय वाटतं. आयपी आणि घड्याळ जुळत नाही याची साधी कारणं पुष्कळ असू शकतात. पण एकाच ब्राउझरची दोन उत्तरं एकमेकांशी जुळत नसतील, तर तिथे कुणीतरी मुद्दाम काहीतरी लपवतंय, एवढाच अर्थ निघतो. अर्धवट सोंगापेक्षा सोंग न घेतलेलं बरं.

काही जण लॅपटॉपचा टाइमझोन तसाच ठेवून घड्याळच हाताने साडेनऊ तास मागे घेतात. हे कधीही करू नये. आकडा `-330`च राहतो, वर लॅपटॉपची वेळ साइटच्या सर्व्हरच्या वेळेपेक्षा साडेनऊ तास मागे पडते, जे लगेच लक्षात येतं. शिवाय साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रांवर तारीख आणि वेळ असते, त्यामुळे नवीन प्रमाणपत्र घेतलेली साइट उघडायलाच नकार देऊ शकते. दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड त्याच संगणकावरच्या ॲपमधून घेत असाल, तर तोही चुकीचा निघतो.

साइटला विसंगती दिसली म्हणून व्हीपीएन सिद्ध झालं, असं मात्र नाही, आणि हे बँकांच्या व दुकानांच्या साइट बनवणाऱ्यांनीही नीट लक्षात ठेवायला हवं. भारतीय सिमवर रोमिंग घेऊन दुबईला गेलेल्या माणसाचा डेटा साधारणपणे भारतातल्या मोबाइल कंपनीच्याच जाळ्यातून बाहेर पडतो. त्याचा आयपी पत्ता भारतीय दिसतो, फोनने मात्र तिथली स्थानिक वेळ आपोआप घेतलेली असते. व्हीपीएनचा कुठेही संबंध नाही, तरी विसंगती पक्की. हिंजवडीत बसून अमेरिकी कंपनीचं काम करणाऱ्याची वाट कंपनीच्या अमेरिकेतल्या दारातून जात असेल, तर तिथेही तेच. मुलाकडे अमेरिकेला गेलेले आईवडील लॅपटॉपचं घड्याळ सहा महिने भारताच्या वेळेवरच ठेवतात. म्हणून शहाणी यंत्रणा याकडे एक खूण म्हणून पाहते: नवा फोन, अनोळखी खाते, मोठी रक्कम अशा इतर खुणांसोबत तिची बेरीज करते आणि फार तर एक ओटीपी जास्त मागते. निव्वळ याच एका खुणेवरून खातं गोठवलं, तर त्रास प्रामाणिक प्रवाशालाच होतो.

अमेरिकेतून भारताचा सर्व्हर निवडणाऱ्यांच्या बाबतीत गंमत दुप्पट आहे. सर्ट-इनने एप्रिल २०२२मध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायला सांगितल्यावर एक्सप्रेसव्हीपीएनसारख्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. आता ‘भारत’ निवडल्यावर पत्ता भारताच्या नावावरचा मिळतो, पण यंत्र सिंगापूरला किंवा ब्रिटनमध्ये असू शकतं, आणि ब्राउझर तिसरंच `America/New_York` सांगत राहतो.

मग करायचं काय, हे तुम्ही व्हीपीएन कशासाठी घेतलंय यावर आहे. कॅफेच्या वायफायपासून पासवर्ड आणि पाहिलेल्या साइट सांभाळायच्या असतील, तर घड्याळाला हात लावायची गरजच नाही. ते काम तसंही होतं. बँकेचा व्यवहार अडकत असेल, तर तेवढ्यापुरतं व्हीपीएन बंद करून तो पूर्ण करावा. काही कारणाने सगळं जुळवायचंच असेल, तर एक्स्टेन्शनऐवजी संगणकाच्या सेटिंगमध्येच टाइमझोन बदलावा. विंडोजमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये जाऊन आपोआप टाइमझोन लावणारं बटण बंद करायचं, सर्व्हर ज्या शहरात आहे तिथला झोन निवडायचा, ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचा. मग ब्राउझरच्या भाषांच्या यादीतही तिथली भाषा वर घ्यायची. अशाने उन्हाळा, हिवाळा आणि १९०० साल सगळंच एकमेकांशी जुळतं, कारण उत्तर खुद्द यंत्रणेकडूनच येतं. फक्त कॅलेंडरमधल्या भेटी परक्या वेळेत दिसू लागतात, हे विसरू नका.

पण आपण कुठे आहोत हे उघड झालं तर ज्याच्या जिवाला किंवा नोकरीला धोका आहे, त्याने व्हीपीएन आणि या जुळवाजुळवीवर विसंबू नये. त्याच्यासाठी टॉर ब्राउझर आहे. तो न्यूयॉर्कचा असल्याचं भासवायला जात नाही. जगात कुठेही उघडा, तो प्रत्येकाचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेबरोबर, म्हणजे शून्य फरकावर ठेवतो, आणि साइटना इंग्रजीच भाषा सांगावी का, असं विचारतो. तिथे हो म्हणायचं. हा टॉर वापरणारा आहे, हे साइटला कळतंच. पण तो पुण्यातला की पेरूमधला, हे घड्याळावरून कळत नाही, कारण त्या क्षणी टॉर वापरणाऱ्या सगळ्यांच्या घड्याळात एकच वेळ असते. त्याच खिडकीतून नेहमीच्या मेलमध्ये लॉगिन केलं, तर मात्र तोही उपयोगाचा नाही.