निरोपाचा फॉर्म भरताना

इंटर्नशिपच्या शेवटच्या आठवड्यात एचआरकडून एक लिंक येते. सोबत नो-ड्यूजचा कागद असतो: ओळखपत्र, हेल्मेट, सेफ्टी शूज परत केले का, विभागप्रमुखांची सही झाली का. याच धावपळीत पंधरा-वीस प्रश्नांचा फॉर्म भरायचा असतो आणि तो भरल्यावरच प्रमाणपत्र निघणार असतं. अभियांत्रिकी महाविद्यालयात इंटर्नशिपचं काम पाहताना दरवर्षी मुलं हा फॉर्म घेऊन माझ्याकडे येतात. प्रश्न बहुधा एकच असतो, “मॅडम, खरं लिहू का?”

दोन वर्षांपूर्वी आलेली एक विद्यार्थिनी अजून आठवते. ती मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला होती आणि चाकणच्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, क्वालिटी विभागात तिची सहा महिन्यांची इंटर्नशिप होती. तिच्याकडे दोन मसुदे होते. पहिल्यात लिहिलं होतं, “मेन्टॉरना कधीच वेळ नसतो. नियोजन नाही. इंटर्नकडून कारकुनी करून घेतात.” मेन्टॉरला तिने पाचपैकी दोन गुण दिले होते. दुसरा मसुदा रात्री भीती वाटल्यावर लिहिलेला. त्यात सगळीकडे पाच आणि खाली “खूप शिकायला मिळालं.”

मी तिला विचारलं, “कारकुनी म्हणजे नेमकं काय केलंस?”

ती 8 जानेवारीला रुजू झाली होती. एका हाउसिंगच्या बोअरचा व्यास दर शिफ्टला मोजला जातो, त्या मोजमापांत फरक का पडतो ते शोधणं हे तिचं काम. मोजमापं संगणकावर होती, पण तिला लॉगिन मिळालं 29 जानेवारीला. मधले तीन आठवडे ती छापील कागदांवरचे आकडे वहीत उतरवत बसली. लॉगिन का मिळालं नाही? तर आयटी विभागाला त्यासाठी कर्मचारी कोड लागतो आणि इंटर्नचे कोड एचआर महिनाअखेरीस एकदम तयार करतं. मेन्टॉरने दोनदा मेल केला होता. म्हणजे तिच्या सर्वांत मोठ्या तक्रारीत मेन्टॉरचा दोषच नव्हता, पण तिचा पहिला मसुदा वाचणाऱ्याने तो त्यांच्याच माथी मारला असता. आणि कोडची पद्धत जशीच्या तशी राहिली असती.

फॉर्म कोण वाचतं, हे मुलांना माहीत नसतं. आधी एचआर वाचतं. कमी गुण दिसले की विभागप्रमुखांना कळवलं जातं आणि ते मेन्टॉरला विचारतात. ‘तुमचं नाव गुप्त राहील’ असं वर लिहिलेलं असलं, तरी ज्या विभागात एकच इंटर्न असतो तिथे नाव झाकून उपयोग काय? म्हणून मी मुलांना सांगते, खाली आपली सही आहे असं समजूनच प्रत्येक वाक्य लिहा.

गुणांचं गणितही समजून घ्यावं लागतं. बऱ्याच फॉर्ममध्ये विचारतात, ‘मित्राला इथे इंटर्नशिप करायला सांगाल का? 0 ते 10 मध्ये उत्तर द्या.’ ही पद्धत फ्रेड राइकहेल्ड यांनी 2003 मध्ये ग्राहकांचं मत मोजण्यासाठी मांडली. तिच्यात 9 आणि 10 म्हणजे समाधानी, 7 आणि 8 म्हणजे तटस्थ आणि 6 किंवा त्याहून कमी म्हणजे नाराज. आपल्याकडे साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास. तेव्हा ‘बरं होतं’ या अर्थाने मूल 6 देतं आणि तिकडे त्याची गणती नाराजांत होते. या विद्यार्थिनीनेही 6 दिले होते. मी विचारलं, “धाकट्या भावाला पाठवशील का तिथे?” ती लगेच म्हणाली, “हो, पण पहिल्या दिवशी लॉगिन मिळत असेल तर.” तिने 7 केले आणि तीच अट खालच्या चौकटीत लिहिली.

दुसरी तक्रार खरोखर मेन्टॉरची होती. मार्चमध्ये ग्राहक कंपनीचं ऑडिट होतं आणि त्या महिन्यात तिच्या कामाचा आढावा एकदाही झाला नाही. तिने काढलेला एक निष्कर्ष चुकीच्या गेजच्या आकड्यांवर बेतलेला होता, हे एप्रिलमध्ये उघड झालं. दोन आठवड्यांचं काम पुन्हा करावं लागलं. ‘कधीच वेळ नसतो’ या वाक्यात यातलं काहीच येत नव्हतं. उलट दर शनिवारी तासभर बसून याच मेन्टॉरने तिला गेजची अचूकता कशी तपासायची ते शिकवलं होतं. तेही ‘कधीच’ने पुसून टाकलं होतं.

आम्ही ते असं लिहिलं: “मार्चमध्ये ऑडिटमुळे साप्ताहिक आढावा झाला नाही. त्यामुळे चुकीच्या गेजचे आकडे वापरल्याचं मला उशिरा कळलं आणि दोन आठवड्यांचं काम पुन्हा केलं. अशा महिन्यात आढाव्यासाठी विभागातल्या दुसऱ्या कुणाला नेमता आलं, तर बरं होईल.” कधी, काय घडलं, त्याने काय अडलं आणि काय केलं तर अडणार नाही, एवढंच. शनिवारच्या तासाबद्दलही तितक्याच तपशिलाने लिहायला लावलं, कारण ‘मेन्टॉर फार चांगले आहेत’ एवढ्याने पुढच्या वर्षी तो तास टिकावा असं कुणाला सुचणार नाही.

फॉर्म इंग्रजीत होता, ही आणखी एक अडचण. मनात ‘वेळ मिळाला असता तर बरं झालं असतं’ असतं आणि कागदावर ‘मेन्टॉर शुड गिव्ह टाइम’ उतरतं. वाचणाऱ्याला तो हुकूम वाटतो. आधी मराठीत लिहून मग उतरवलं, तर हा करडेपणा बराच कमी होतो.

आढाव्याचा मुद्दा फॉर्ममधून नव्हे, तिच्या तोंडून मेन्टॉरना आधी कळावा, असं मी सुचवलं. तिला धाकधूक होती. कॉलेजच्या मूल्यमापनाचा कागद अजून त्यांच्याच सहीसाठी पडून होता, तेव्हा तो आधी घ्यायचं ठरलं. यात लपवाछपवी नाही. गुण सहा महिन्यांच्या कामाचे असतात, फॉर्मचे नव्हे. मग शिफ्ट संपताना तिने विचारलं, “सर, मार्चच्या आढाव्याबद्दल फॉर्ममध्ये लिहिणार आहे. आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं.” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “लिही. ऑडिटच्या महिन्यात एकट्याला जमत नाही, हे मीही सांगितलंय. तुझं लिहिलेलं जोडता येईल.”

सगळेच मेन्टॉर असे नसतात. डूख धरणारा माणूस असेल तर हे बोलणं टाळावं, आणि फॉर्ममध्ये फक्त कामाच्या पद्धतीबद्दल लिहावं.

काही गोष्टी मात्र या फॉर्मच्या नाहीतच. स्टायपेंड थकला असेल तर तारखा घालून एचआरला वेगळा मेल करावा. लैंगिक छळ झाला असेल, तर 2013 च्या कायद्याखाली इंटर्न मुलगीही ‘कर्मचारी’ आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते आणि घटनेपासून तीन महिन्यांत तिच्याकडे लेखी तक्रार करता येते. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने मुदत वाढवू शकते. असा प्रसंग फॉर्मच्या चौकटीत दोन ओळींत लिहिला, तर ती रीतसर तक्रार धरली जाईल असं मानून चालू नये. तोवर मुदतीचे दिवस सरत असतात.

पुढच्या जानेवारीत आमचा एक मुलगा त्याच विभागात गेला. त्याचा कोड पहिल्या दिवशी तयार होता. मार्चमध्ये पुन्हा ऑडिट आलं आणि आढावे पुन्हा दोन आठवडे राहिले. त्याच्या फॉर्मचा मसुदा वाचताना पाहिलं, त्याने न सांगताच तारखा घातल्या होत्या.