पिकलेले केस नेमके किती? फोटोतून अंदाज आणि पुढची आखणी

पार्लरमध्ये खुर्चीत बसलं की पहिला प्रश्न येतो, "किती टक्के पांढरे आहेत?" बहुतेक जणी आरशात दिसतं त्यावरून "अर्धे तरी असतील" असं सांगतात. आरशात आपल्याला फक्त कपाळावरची कड, कानशिलं आणि भांग दिसतो, आणि बहुतेकांचे केस आधी तिथेच पिकतात. मानेवरचे केस पिकायला पुष्कळदा आणखी काही वर्षं लागतात. शिवाय आपल्याकडचे केस मुळात काळे किंवा गडद तपकिरी असतात. काळ्यावर पांढरा केस इतका उठून दिसतो की शंभरातले वीस पिकले तरी डोक्यावर चांदी पसरल्यासारखी वाटते.

हा अंदाज चुकला की पुढची आखणीही चुकते. वीस टक्क्यांना सौम्य रंग पुरतो, तिथे पूर्ण कलप लागतो. सत्तर टक्क्यांवर तोच सौम्य रंग महिनाभरही टिकत नाही. म्हणून रंग निवडण्याआधी फोटो काढून मोजणं उपयोगाचं ठरतं.

फोटो कसा काढायचा

फोटोच्या आदल्या दिवशी केस धुवावेत आणि तेल लावू नये. तेलकट काळ्या केसावर उजेड पडला की त्यावर पांढरी रेघ चमकते आणि फोटोत ती पिकलेल्या केसासारखी दिसते. फ्लॅशनेही हेच होतं, म्हणून फ्लॅश बंद ठेवावा. सकाळी खिडकीजवळ उभं राहावं, पण थेट ऊन अंगावर येऊ देऊ नये. घरातला पिवळसर दिवा पांढऱ्या केसाला सोनेरी करतो आणि तो मोजणीतून निसटतो. केसांशेजारी कोरा कागद धरला तर उजेड फसवतोय का ते लगेच कळतं: कागद फोटोत पांढरा दिसायला हवा. कॅमेऱ्यातले चेहरा उजळवणारे फिल्टर बंद करावेत, कारण ते केसांचे बारीक धागे एकमेकांत मिसळून टाकतात.

फोटो चार जागांचे लागतात: कानशील, मधला भांग, टाळूमागचा माथा आणि मानेवरचा भाग. मागचे दोन दुसऱ्या कोणाला तरी काढायला सांगावेत. फोन साधारण वीतभर अंतरावर धरावा. अगदी जवळ नेला तर फोटो धूसर होतो. प्रत्येक ठिकाणी वरचा थर उचलून आतल्या केसांचा आणखी एक फोटो घ्यावा, कारण वरच्या थरात आणि आतल्या थरात बराच फरक असू शकतो.

आधीपासून कलप लावत असाल तर लांबीवरचे केस मोजण्यात अर्थ नाही, कारण खरा रंग फक्त मुळाशी असतो. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणून शेवटच्या कलपानंतर पाच-सहा आठवडे थांबून मगच फोटो काढावा. मेंदी लावणाऱ्यांचं मोजणं थोडं सोपं असतं. मेंदीने पांढरा केस नारिंगी होतो आणि काळ्यावर फारसा फरक पडत नाही, त्यामुळे नारिंगी दिसणारा प्रत्येक केस पांढरा धरायचा.

मोजायचं कसं

फोटो मोठा करून भांगापासून अर्धा-एक सेंटिमीटरवर, भांगाला समांतर अशी एक रेष मनात किंवा फोनवरच्या पेनाने ओढा. त्या रेषेला छेदून जाणारे केस एकेक करून पाहा आणि शंभर पूर्ण होईपर्यंत मोजा. त्यातले पांढरे किती, तेवढे टक्के. भांगात दिसणारी डोक्याची कातडी यात धरायची नाही. विरळ केसांत ती कातडीच पांढऱ्या पट्ट्यासारखी दिसते, आणि मोजणी चुकण्याचं सर्वांत मोठं कारण हेच असतं.

शंभर केसांच्या मोजणीलाही मर्यादा आहे. शंभरात चाळीस पांढरे निघाले तर खरं प्रमाण तीस ते पन्नासच्या दरम्यान कुठेही असू शकतं. आतल्या थराची मोजणी घेऊन सरासरी काढली की अंदाज थोडा पक्का होतो, तरी ३५ की ४० हा वाद घालण्यात अर्थ नाही. पाव, अर्धा, पाऊण एवढे टप्पे नीट कळले तरी आखणीला पुरेसं आहे.

एक उदाहरण

समजा, सत्तेचाळीस वर्षांच्या एका शिक्षिकेचे केस खांद्याखाली, ३५ सेंटिमीटर लांब आहेत. त्या दर तीन आठवड्यांनी घरी काळा कलप लावतात आणि आपले सत्तर टक्के केस पांढरे आहेत असं त्यांना वाटतं. मुळाशी मोजल्यावर आकडे येतात ते असे: कानशिलं ६०, भांग आणि पुढचा भाग ४०, माथा आणि बाजू २०, मान १०.

आता प्रत्येक भागात केस किती, तेही धरायला हवं. कानशिलांवर एकूण केसांपैकी साधारण १५ टक्के, पुढच्या भागात २५, माथा व बाजूंना ३० आणि मागे ३० टक्के असं ढोबळ मानलं तर बेरीज होते ९ + १० + ६ + ३, म्हणजे २८. सत्तर वाटत होते ते प्रत्यक्षात अठ्ठावीस निघाले.

पण २८ या एका आकड्यावरही आखणी करता येत नाही. या डोक्यावर साठ टक्क्यांचा भाग आहे आणि दहा टक्क्यांचाही. दोन्हींवर एकच रंग तितकाच वेळ ठेवला तर कानशिलं अर्धवट रंगतात आणि मागचे केस विनाकारण रसायन सोसतात.

झाकायचं ठरवलं तर

पन्नास टक्क्यांच्या वरच्या भागावर पक्का कलपच चालतो. त्यात रंग आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असलेलं डेव्हलपर एकत्र करतात. पांढऱ्या केसांसाठी बहुधा सहा टक्क्यांचं, म्हणजे पार्लरच्या भाषेत वीस व्हॉल्यूमचं डेव्हलपर वापरतात. पन्नासपर्यंतच्या भागावर कमी पेरॉक्साइडचा अर्धपक्का रंग पुरतो. तो वीसेक धुण्यांत हळूहळू फिका होतो, त्यामुळे मुळाशी धारदार रेष उमटत नाही.

आपल्या शिक्षिकेने पक्का कलप फक्त कानशिलांवर आणि भांगाच्या मुळांना लावावा. सुरुवात कानशिलांपासून करावी, कारण तिथले पिकलेले केस रंग सहज धरत नाहीत आणि त्यांना पूर्ण वेळ मिळायला हवा. पाकिटावर दिलेला वेळ घड्याळ लावून पाळावा. बाजूंना अर्धपक्का रंग लावावा आणि मानेवरचे केस आहेत तसे सोडावेत. दर वेळी कलप टोकापर्यंत ओढला तर लांबीवर रंगाचे थर चढतात, केस निस्तेज काळे दिसतात आणि मुळं त्यांच्याशी कधीच जुळत नाहीत.

रंग काळ्याऐवजी गडद तपकिरी घ्यावा. वाढणारं पांढरं मूळ आणि तपकिरी केस यांच्यातला फरक कमी असतो, म्हणून पुढचा कलप तीनऐवजी चार-पाच आठवड्यांवर जातो. तांबूस किंवा बर्गंडी छटा हवी असेल तर ती नैसर्गिक तपकिरी छटेत निम्मी मिसळावी. नुसती लाल छटा पांढऱ्या केसावर भडक उठते.

चूक झाली तर ती ओळखता येते. धुतल्यावर उजेडात पांढरे केस काचेसारखे आरपार दिसले तर वेळ कमी पडला किंवा छटेत नैसर्गिक तपकिरी कमी होती. मुळं लांबीपेक्षा तांबडी दिसली तर डेव्हलपर जास्त ताकदीचं होतं.

बहुतेक पक्क्या कलपांत आणि बाजारातल्या 'काळ्या मेंदी'त पीपीडी हे रसायन असतं आणि त्याची ॲलर्जी तीव्र होऊ शकते. वर्षानुवर्षं काही न होता एकाएकीही ती सुरू होते. म्हणून ४८ तास आधी कोपराच्या आत किंवा कानामागे थोडासा रंग लावून पाहावा. खाज, लाली किंवा सूज आली तर तो रंग वापरू नये.

मिसळू द्यायचं ठरवलं तर

पांढरे केस तसेच ठेवून रेष पुसट करण्याची पद्धत आता अनेक पार्लरांत करतात. गडद केसांत बारीक फिकट बटा काढल्या तर त्यांना हायलाइट्स म्हणतात, आणि पांढऱ्यांत बारीक गडद बटा घातल्या तर लोलाइट्स. पांढरे कमी असतील तिथे हायलाइट्सने ते गर्दीत मिसळतात, जास्त असतील तिथे लोलाइट्सने.

आपल्या गडद केसांबाबत इथे एक अडचण आहे. हायलाइट्ससाठी ब्लीच लागतं, आणि काळा केस फिका होताना आधी लाल, मग नारिंगी होतो. तो नारिंगीपणा राखाडी टोनरने झाकतात, पण टोनर काही आठवड्यांत निघून जातो आणि पितळी रंग वर येतो. त्यात केसांवर जुना कलप असेल तर त्यावर फिका रंग लावून काहीच होत नाही. रंगाने आधीचा रंग उतरत नाही, त्यासाठीही ब्लीचच हवं. मेंदी किंवा घरगुती काळा लेप लावलेल्या केसांवर ब्लीच लावण्याआधी एका बटेवर चाचणी घ्यावीच, कारण त्यात धातूचे क्षार असले तर केस तापून तुटू शकतात.

म्हणून आपल्या शिक्षिकेला हा मार्ग हवा असेल तर ब्लीच कमीत कमी ठेवावं. कलप थांबवावा आणि कानशिलं व भांगावर दर सात-आठ आठवड्यांनी अर्धपक्क्या रंगाच्या बारीक लोलाइट्स द्याव्यात, म्हणजे पांढऱ्याचा पट्टा तुटक दिसतो. माथ्यावर वीसच टक्के पांढरे आहेत, तिथे काहीच नको. खरा प्रश्न खाली उरलेल्या काळ्या लांबीचा आहे. केस ३५ सेंटिमीटर ठेवायचे म्हटलं तर जुना कलप पूर्ण निघून जायला अडीच-तीन वर्षं लागतील. ते कापून २० सेंटिमीटरवर ठेवले तर दीड वर्षाच्या आसपास सगळे केस नव्या रंगाचे होतात. मधले चार-पाच महिने रेष सर्वांत ठळक दिसते. तेव्हा मधोमध भांग पाडण्याऐवजी तो एका बाजूला, थोडा नागमोडी पाडला तर ती कमी जाणवते.

दोन मार्गांत निवड करताना कानशिलांचा आकडा सर्वांत महत्त्वाचा, कारण चेहऱ्याशेजारी तोच दिसतो. कानशिलं पंचविसाच्या आत असतील तर काहीही न करणंही चालतं. साठ-सत्तरच्या वर गेली आणि बाकी डोकंही पन्नासच्या पुढे असेल तर मिसळणं सोपं जातं, कारण पांढराच तुमचा मुख्य रंग झालेला असतो. सर्वांत कठीण जागा आपल्या शिक्षिकेची आहे: पुढे साठ आणि मागे दहा. इथे दर महिन्याला मुळं रंगवण्याचा वेळ आणि काही महिने रेष दिसू देण्याची तयारी, यातलं आपल्याला काय जमेल, यावर निर्णय ठरतो.

पंचविशीच्या आत केस झपाट्याने पिकू लागले किंवा गोल चकत्यांत केस गळून उरलेले पांढरेच दिसू लागले, तर रंगाआधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं. बी-१२ची कमतरता किंवा थायरॉइडचा त्रास त्यामागे असू शकतो.

पार्लरमध्ये जाताना चारही भागांचे आकडे आणि फोटो सोबत न्यावेत, आणि कुठल्या भागावर काय लावणार, किती वेळ ठेवणार, हे आधी विचारून घ्यावं. सगळ्या डोक्यावर एकच रंग एकाच वेळेला लावण्याचा बेत असेल, तर खुर्चीत बसण्याआधीच थांबायला सांगावं.